एकेकबाई आणि पानामागचं भूत

काही माणसं झोपेतून उठतात. एकेकबाई घाबरून उठत. म्हणजे आधी भीती जागी होई आणि मग ती बाईंना हलवून जागं करी. कशाची भीती, ते दात घासताना ठरे. दूध उतू जाण्यापासून छत कोसळण्यापर्यंत कुठलंही कारण चाले. कारण सापडलं नाही, तर 'आज काहीच कसं आठवत नाही, नक्की काहीतरी विसरलं असणार' ही भीती हाताशी असेच.

बाई इंजिनिअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टिम्स, म्हणजे यंत्रं ताब्यात ठेवण्याचं शास्त्र, शिकवत. कंत्राटी होत्या. कंत्राट वर्षाचं, त्यामुळे दर वर्षी सत्र संपताना बाईंचं वजन उतरे आणि पत्र हातात पडलं की पुन्हा भरे. कपाटात त्यांनी दोन मापांचे ब्लाऊज ठेवले होते म्हणतात. खरंखोटं शिंप्याला ठाऊक.

एकेकबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि त्यात चेष्टेपेक्षा माया जास्त होती. ब्लॉक डायग्राम शिकवायला घेतला, की पोरांचे चेहरे गोंधळलेल्या चौकातल्या वाहनांसारखे होत. फळ्यावर चौकोनच चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेघा, मध्ये गोल, बाण इकडे, बाण तिकडे. यातून शेवटी एकच चौकोन उरवायचा, ज्याच्या पोटात सगळ्या यंत्राचं मिळून एक सूत्र असेल, असं सांगितल्यावर मागच्या बाकावरून हमखास सुस्कारा येई. तेव्हा बाई खडू वर धरून म्हणत, "घाबरायचं नाही. एकेक. एका वेळी एकच लूप. बाकीचे आहेतच कुठे पळून जायला?"

वर्गात 'घाबरायचं नाही' हे वाक्य त्या इतक्या कळकळीनं म्हणत, की ते त्या कोणाला सांगताहेत याबद्दल मुलांच्या मनात शंका राहत नसे.

शिकवायच्या मात्र झकास. "चौकोन म्हणजे दुकानदार. आत आलेल्या सिग्नलला आपल्या पटीनं गुणतो आणि पुढे धाडतो. गोल म्हणजे बेरीज-वजाबाकीचा नाका. आणि पुढून निघून उलटी मागे येणारी रेघ म्हणजे फीडबॅक; तिनं जे वेटोळं होतं तो लूप. फीडबॅक म्हणजे माझ्या सासूबाई. भाजी ताटात पडली की चव घेतात आणि ओट्याशी निरोप धाडतात, 'मीठ जास्त झालंय.' त्यांचं चिन्ह कायम वजा. पण मुलांनो, त्या वजाबाकीमुळेच घराची गाडी रुळावर असते, हेही लिहून घ्या." मुलं ते खरंच लिहून घेत. एकानं परीक्षेतही लिहिलं होतं.

तर गोष्ट आहे त्या सत्रपरीक्षेची.

त्या दिवशी सकाळी बाईंनी गॅस बंद आहे का ते पाहिलं, दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा पाहिलं.

"अगं, बंद आहे," सासूबाई भिंतीला टेकून पेपर वाचता वाचता म्हणाल्या. "मी दिवसभर त्याच्या शेजारीच बसते. उडाला तर आधी मीच जाणार. तुला फोन करायलाही उरणार नाही. जा निवांत."

"असं अभद्र बोलू नका हो, आई."

"मग तू असं अभद्र वागू नकोस. आणि आज एवढी पांढरीफटक का पडलीयस? परीक्षा पोरांची आहे ना?"

परीक्षा पोरांची होती, पण पेपर बाईंनी काढला होता. आणि सोमवारी मोठे सर कंत्राटांच्या कागदांवर सह्या करणार होते. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांची उजवी भुवई मीटरच्या काट्यासारखी होती. मनात नापसंतीचा दाब वाढला की ती वर सरके आणि समोरच्याला आकडा वाचता येई. गेल्या वर्षी एका कंत्राटी सरांच्या पेपरात एक प्रश्न चुकीचा निघाला होता. भुवई वर गेली ती त्या सरांना घेऊनच. आता ते सर कुठे आहेत, कोणाला माहीत नव्हतं. स्टाफरूममधला त्यांचा कप मात्र अजून तसाच होता आणि बाई त्या कपाकडे पाहत नसत.

म्हणून बाईंनी हा पेपर डोळ्यांत तेल घालून तपासला होता. शब्द, गुणांची बेरीज, अगदी प्रश्नचिन्हंसुद्धा. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. त्याच्याकडूनही एकदा वाचून घेतला. तो म्हणाला, "अक्षरं स्वच्छ आहेत. अर्थाचं माझ्याकडे भिंग नाही."

परीक्षा सुरू झाली. लांबट खोली, डावीकडे खिडक्यांची रांग, वर कुरकुरणारे पंखे. बाईंच्या जोडीला पर्यवेक्षक म्हणून सिव्हिलचे एक सर होते. त्यांना सगळे सिमेंट सर म्हणत, कारण एकदा खुर्चीत बसले की ते तिथेच पक्के होत. ते शब्दकोडं काढून बसले. बाई बाकांमधून फिरू लागल्या. शांतता होती. पेनांची कुरकुर, कोणाची तरी शिंक, बस्स. बाईंचा जीव हळूहळू खाली बसत होता. अर्धा तास गेला, कोणी ओरडलं नाही, म्हणजे पेपर बरा असावा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हात वर झाला. शंकासुराचा. हेही नाव मुलांनीच ठेवलेलं. हा मुलगा उपाहारगृहातसुद्धा पावतीवर शंका विचारी. तिसऱ्या प्रश्नात एक ब्लॉक डायग्राम होता: रांगेत जी-एक, जी-दोन, जी-तीन नावाचे चौकोन आणि मागे येणाऱ्या दोन रेघांवर एच-एक, एच-दोन.

"मॅडम, तिसऱ्या प्रश्नात तो एच आहे ना, त्याची रेघ जी-तीनच्या आधीपासून निघते असंच धरायचं ना?"

"कुठला एच? एच-एक की एच-दोन?"

"ते दोन्ही झाले, मॅडम. हा तिसरा. नुसता एच."

बाई हसल्या. "नुसता एच नाहीच आहे आकृतीत."

"आहे ना, मॅडम. हा काय."

बाईंनी वाकून पाहिलं.

होता. आकृतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, मुख्य रेघेच्या जरा खाली, एक चौकोन बसला होता. जरासा करडा, पण स्पष्ट. पोटात एच. डाव्या बाजूला त्याची रेघ वर जाऊन जी-तीनच्या आधी मुख्य रेघेला भिडत होती; उजव्या बाजूला ती वर चढून जी-तीनच्या पुढच्या एका गोलात शिरत होती. शेजारी वजा. बाईंनी असा चौकोन काढला नव्हता, पाहिला नव्हता, आयुष्यात या उदाहरणात कोणाला सोडवायला लावला नव्हता. तो गोलही त्यांच्या ओळखीचा नव्हता.

त्या भरभर पुढच्या रांगेत गेल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीची प्रश्नपत्रिका उचलली. तिथे काहीच नव्हतं. जागा कोरी, अगदी निरखून पाहिलं तर धुराची रेघ असावी इतकंच. पुन्हा मागे. होता. मधल्या रांगेत नव्हता. शेवटच्या तीन रांगांत होता.

बाईंच्या मनात आलं ते असं: मला वेड लागलं. आजीला लागलं होतं, मला लागलं. सोमवारी मोठे सर सही करतील की नाही हा प्रश्नच मिटला.

"शंका बरोबर आहे का, मॅडम?" शंकासुर.

"थांब जरा. बाकीचे प्रश्न सोडव." आवाज त्यांचाच होता, पण आला विहिरीतून.

एक जादा प्रश्नपत्रिका घेऊन त्या सिमेंट सरांच्या टेबलाशी गेल्या. ही जादा प्रत गठ्ठ्याच्या तळची, म्हणजे करड्या जातीतली. सरांनी कोड्यातून डोकं वर केलं.

"काय झालं? पाणी देऊ?"

"सर, माझ्या आकृतीत एक चौकोन जास्त आलाय. काहींच्याच पेपरात."

सरांनी पाहिलं. "छान दिसतोय की. सुटतंय ना उदाहरण त्याच्यासकट?"

"सुटतंय. पण वेगळं सुटतंय."

"मग झालं तर. गप्प राहा. सोमवार आहे ना तुमचा?" आणि आवाज उतरवून, खरोखर भल्या मनानं म्हणाले, "बाई, कोणी बोंब मारली नाही तर चूक झालीच नाही. आमच्याकडे अख्खा खांब वाकडा निघाला तरी आम्ही रंग देऊन मोकळे होतो."

बाई कागद घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. भीतीचा एक गुण आहे. ती माणसाला धावायला लावते, नाहीतर एका जागी खिळवून बारीक बघायला लावते. बाईंना पहिलं कधी जमलं नव्हतं. एकेक, त्या मनात म्हणाल्या. एका वेळी एकच रेघ.

पहिल्यांदा दिसला तो बाण. जी-तीनच्या उजव्या अंगाला बाणाचं एक पुसट टोक होतं आणि ते उलटं, डावीकडे बघत होतं. चौकोनातून जिथे सिग्नल बाहेर पडतो तिथे आत शिरणारा बाण कुठला शहाणा काढील? त्या अनोळखी गोलाच्या उजवीकडेही तसाच एक उलटा बाण. मग दिसला जी-तीनचा जी. त्याच्याभोवती काजळी होती, जणू त्याच्या पाठीशी दुसराच कोणी जी उभा होता आणि त्यानं तोंड पलीकडे फिरवलं होतं. सगळं उलटं. फक्त एच तेवढा सुलटा. पण इंग्रजी एच आरशात बघितला तरी एचच दिसतो, तो लबाड कुठूनही सुलटाच!

आरशात.

बाईंनी कागद पालथा केला आणि खिडकीच्या काचेला टेकवला. उजेड आरपार आला. आणि त्या करड्या रेघा पटापट आपापल्या जागी उभ्या राहिल्या. डावीकडे गोल, मग जी, पुढे बाहेर जाणारी रेघ, आणि तिथून खाली वळून एचमधून मागे येणारा वजा फीडबॅक. अगदी साधा, एकुलता एक लूप. दर वर्षी पहिल्या तासाला त्या फळ्यावर काढत तोच. त्याचं सूत्र: वर जी, खाली एक अधिक जी-एच. बाईंना क्षणभर त्याची ओळख पटून बरं वाटलं. मग तो इथे कसा आला ते आठवलं.

ते उदाहरण ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकातलं होतं. पुस्तक घरी नेता येत नसे. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ. बाईंनी मोबाइलवर फोटो काढायचं ठरवलं. टेबलावर ठेवून काढला तर आपल्याच हाताची सावली आकृतीवर पडेल आणि एखादं चिन्ह झाकलं जाईल, ही भीती. म्हणून त्यांनी पान उभं करून खिडकीसमोर धरलं होतं, भरपूर उजेडात. सावली अजिबात पडली नाही. उजेड मात्र मागून आला, आणि पाठच्या पानावरचं पहिल्या धड्याचं चित्र पुढच्या चित्राच्या पोटात उतरलं. त्यावर फोटो स्वच्छ करणाऱ्या अ‍ॅपनं, बाईंनी 'अजून ठळक' वर बोट ठेवलं म्हणून, तेही इमानेइतबारे ठळक केलं. बाईंनी पेपर इतक्या वेळा तपासला, पण आकृतीकडे पाहताना त्यांना दिसत होती ती डोक्यातली आकृती. आणि झेरॉक्सवाल्यानं निम्म्यात टोनर बदलला असणार. आधीच्या प्रती फिक्या, नंतरच्या काळ्या.

म्हणजे चूक होऊ नये म्हणून जे जे केलं, त्या त्या प्रत्येकानं चुकीला हातभार लावला होता. भीतीपोटी काळजी, काळजीपोटी घोळ, घोळापोटी आणखी भीती. या लूपचं चिन्ह अधिक होतं, आणि असा लूप वाढत वाढत हाताबाहेर जातो, हे बाई दर वर्षी चौथ्या प्रकरणात शिकवत.

आता काय?

गप्प राहायचं तर सोपं होतं. पेपर दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक तपासणार. त्यांच्या हातात बाईंनी लिहिलेलं उत्तर असणार, मोठ्या सरांकडे लाखबंद पाकिटात गेलेलं. त्यात नुसत्या एचचा पत्ता नव्हता. पुढच्या रांगांचं उत्तर त्याच्याशी जुळेल. मागच्या रांगा, ज्यांनी समोर छापलेलं इमानदारीत सोडवलं, त्यांच्या उत्तरावर फुली. कोणी बोंब मारणार नाही. मागच्या बाकांवरच्या मुलांना आपलं उत्तर चुकण्याची इतकी सवय असते, की ती बरोबर उत्तराचीसुद्धा शंका घेतात.

सिमेंट सर लांबून डोळ्यांनीच 'गप्प, गप्प' करत होते. स्टाफरूममधला तो कप बाईंच्या डोळ्यांसमोर आला.

बाई फळ्याकडे गेल्या. खडू हातातून एकदा पडला.

"सगळ्यांनी इकडे बघा. तिसरा प्रश्न." माना वर झाल्या. "आकृतीत काहींच्या पेपरात खाली एक करडा चौकोन आहे, नुसत्या एचचा. काहींच्या पेपरात नाही. तो... तो मूळ प्रश्नात नाही. ती माझी चूक आहे. फोटो काढताना मागच्या पानाचं चित्र आलं."

मग शंकासुर म्हणाला, "म्हणजे भूत आहे, मॅडम?"

हशा पिकला. आणि त्याच हशात दार उघडलं. मोठे सर फेरीवर आले होते.

हशा नळ बंद केल्यासारखा थांबला.

"परीक्षा आहे की सहल?" भुवई अर्ध्यावर.

"सर, जरा बाहेर येता का?" हे आपणच म्हणालो यावर बाईंचा विश्वास बसला नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात खिडकीचा रुंद कट्टा होता. बाईंनी तिथे प्रश्नपत्रिका ठेवली, सगळं सांगितलं. मध्ये दोनदा श्वास घ्यायला विसरल्या. मोठ्या सरांनी कागद उलटा करून उजेडाला धरला. बराच वेळ धरला. भुवई आता पाऊण.

"आणि ज्यांनी हे तुमचं भूत धरून सोडवलंय, त्यांचं काय? अर्धा तास होऊन गेलाय."

"त्यांना पूर्ण गुण मिळायला हवेत, सर. दोन्ही उत्तरं बरोबर धरायला हवीत. मी दोन्ही लिहून देते."

"आत्ता?"

"आत्ता."

"द्या."

बाईंनी पदरानं तळहात पुसले. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. पेनाचं टोक शिलाई मशीनसारखं वरखाली होत होतं. एकेक, बाई. बाकीचे आहेतच कुठे पळून जायला.

"आधी मूळचं," त्या म्हणाल्या, आणि आपोआप वर्गातला आवाज लागला. "सगळ्यात आतला लूप आधी. जी-दोनच्या पुढून निघून एच-एकमधून जी-दोनच्या मागे येतो, वजा. तो मिटवला की त्याच्या जागी एकच चौकोन." लिहिलं: G2 / (1 + G2H1). "आता हा, जी-एक आणि जी-तीन, तिघं एका रांगेत. रांगेत असले की गुणाकार." G1G2G3 / (1 + G2H1). "उरला बाहेरचा लूप, एच-दोनचा. तोही वजा. पुन्हा तोच नियम, आणि मग खालचा छेद वर-खाली गुणून मोकळा करायचा."

कागदावर उतरलं: G1G2G3 / (1 + G2H1 + G1G2G3H2).

"हं," मोठे सर. "आता भुताचं."

"भूत दिसायला फीडबॅकसारखं आहे, खाली बसलंय म्हणून. पण बाण डावीकडून उजवीकडे जातो, सर. म्हणजे ते मागे येत नाही, पुढेच जातं. जी-तीनच्या शेजारून समांतर. समांतर असले की बेरीज, इथे चिन्ह वजा म्हणून वजाबाकी. जी-तीनच्या जागी जी-तीन वजा एच. आतल्या लूपला त्याचा धक्का लागत नाही, कारण तो आधीच वळून गेलेला. बाकी सगळं तसंच."

G1G2(G3 − H) / (1 + G2H1 + G1G2(G3 − H)H2).

मोठ्या सरांनी पेन काढून घेतलं. बाईंना वाटलं, संपलं. पण त्यांनी समासात भराभर एक-एक लिहायला सुरुवात केली.

"सगळ्या चौकोनांत एक घातला, तर?" ते स्वतःशीच पुटपुटले. "तुमचं पहिलं... वर एक, खाली एक अधिक एक अधिक एक. एक तृतीयांश. आता सरळ आकृतीवरून बघू. आत एक टाकला, बाहेर एक तृतीयांश आला असं धरू. पहिल्या गोलात उरले दोन तृतीयांश. आतल्या लूपनं त्याचे निम्मे केले, एक तृतीयांश. जुळलं." मग दुसरं. "एक वजा एक शून्य. वर शून्य. बाहेर काहीच नाही."

"हो सर. जी-तीन आणि एच सारखे झाले, की भूत सगळं गिळतं."

हे तोंडातून निसटलं आणि बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मोठ्या सरांनी पेन परत दिलं. कागदाची घडी घातली, खिशात टाकली, आत गेले आणि मुलांना म्हणाले, "तिसऱ्या प्रश्नात तुमच्या पेपरावर जे छापलंय ते सोडवा. चौकोन असेल तर चौकोनासकट, नसेल तर त्याच्याशिवाय. ज्याचं जसं छापलंय तसं उत्तर बरोबर धरलं जाईल. आपली आकृती उत्तरपत्रिकेत काढा, म्हणजे वाद नको. वेळ वाढवून मिळेल." मग दारात थांबून, बाईंकडे न बघता, "सोमवारी भेटा."

सिमेंट सर आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीतून आपणहून उठले आणि बाईंना पाण्याचा ग्लास आणून दिला. "मी तर रंगच देणार होतो," ते म्हणाले.

शनिवार-रविवार बाईंनी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. गॅस सासूबाईंनीच बंद करून नळी काढून उशाशी ठेवली, एवढ्यावरून ओळखा. नवरा म्हणाला, "काढून टाकलं तर माझ्या दुकानात ये. मोतीबिंदूवाल्यांना धीर द्यायला कोणीतरी हवंच आहे." सासूबाईंनी त्याला डोळे दाखवले.

"चूक सांगितलीस ना तू आपल्या तोंडानं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"सांगितली, आई."

"मग आता जे होईल ते त्यांच्या तोंडानं होऊ दे. तू ताट घे."

सोमवारी मोठ्या सरांच्या टेबलासमोर बाई उभ्या राहिल्या. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, म्हणजे पळायला बरं.

"एक विचारायचं होतं. पान खिडकीला धरून फोटो का काढलात?"

"सावली पडेल म्हणून, सर."

"कोणाची?"

"माझीच."

सरांची भुवई वर गेली. अगदी शेवटपर्यंत. बाईंनी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही, म्हणून हळूच एक उघडला. मोठे सर कपाळाला हात लावून हसत होते. आवाज नव्हता, असलं हसणं बहुधा बरीच वर्षं वापरात नसल्यामुळे गंजलं असावं.

"बाई, चूक झाली ती झालीच. ती फाइलला लागेल. यापुढे आकृती हातानं काढायची, आणि छापल्यावर पहिली प्रत, मधली प्रत, शेवटची प्रत मला दाखवायची." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "आणि ही सही केलेली आहे."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "एक वर्ष?"

"मग किती हवीत? तुमची मुलं काय म्हणतात तुम्हाला?" सर दुसऱ्या फाइलीत डोकं घालत म्हणाले. "एकेक."

व्हरांड्यात आल्यावर बाईंचे पाय आपोआप त्या खिडकीपाशी थांबले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं, फक्त जिन्याच्या तोंडाशी शंकासुर उभा होता, आणि त्याच्यापासून लपवण्यासारखं जगात काही उरलं नव्हतं. बाईंनी पत्र उलटं केलं, काचेला टेकवलं आणि उजेडात नीट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"काही आहे का, मॅडम, मागे?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "कोरं आहे." आणि तरी त्यांनी ते आणखी एकदा पाहिलं.